लिंक बंद झाली, वर्गणी चालूच

"चित्रकलेच्या एका ऑनलाइन गटात मी चौदा महिन्यांपूर्वी सामील झाले. गट एक ताई एकट्याच चालवतात. सुरुवातीला त्यांनी पैसे भरायची लिंक पाठवली होती. नंतर 'चित्रांवर माझे शेरे हवे असतील तर' म्हणून आणखी एक पाठवली. दोन्ही buy.stripe.com अशा सुरू होतात. मागच्या महिन्यात मी गट सोडला आणि ताईंना फोनवर तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'लिंक बंद करून टाकते, काळजी करू नकोस.' तरी या महिन्यात 9 तारखेला पैसे गेले आणि 23 लाही गेले. रद्द करायचं बटण कुठेच सापडत नाही. ताई चांगल्या आहेत, मला भांडायचं नाही. कार्डच बदलून टाकू का?"
— एक माजी सभासद

कार्ड इतक्यात बदलू नका. त्याने काय होतं ते पुढे येईलच. आधी त्या दोन तारखा बघू, कारण गोम तिथेच आहे.

वर्गणी एकच असती तर पैसे महिन्यातून एकदाच गेले असते. 9 आणि 23 अशा दोन तारखांना जातात, त्याअर्थी तुमच्या दोन वेगवेगळ्या वर्गण्या चालू आहेत. एक सामील होतानाच्या लिंकवरची, दुसरी शेऱ्यांच्या लिंकवरची. ज्या दिवशी पहिल्यांदा पैसे भरले तीच तारीख पुढे दर महिन्याला धरली जाते. (31 ला भरले असतील तर छोट्या महिन्यात शेवटच्या दिवशी जातात.) दुसरी लिंक पाठवताना ताईंच्या मनात 'आधीच्या वर्गणीत थोडी भर' असंच असणार. पण लिंकला ते कळत नाही. ती प्रत्येक वेळी कोरी सुरुवात करते, आणि ईमेल तोच असला तरी बहुतेकदा तुमच्या नावाचा आणखी एक ग्राहक तयार करते. म्हणजे ताईंच्या खात्यात तुम्ही दोनदा आहात, आणि दोन्ही ठिकाणी एकेक वर्गणी लटकलेली आहे.

आता ताईंनी 'लिंक बंद केली' ते. त्यांनी ती खरंच बंद केली असेल. या लिंक स्ट्राइपच्या, म्हणजे ताईंसाठी कार्डावरून पैसे गोळा करणाऱ्या सेवेच्या आहेत. तिच्या डॅशबोर्डमध्ये पेमेंट लिंकसमोर Deactivate असा पर्याय असतो, तो दाबला की त्या लिंकवरून नव्याने कोणाला पैसे भरता येत नाहीत. बस्स, एवढंच. लिंक हा प्रवेशअर्जाचा नमुना समजा. कोऱ्या अर्जांचा गठ्ठा कपाटात ठेवला म्हणून आधी भरून दिलेले अर्ज रद्द होत नाहीत. तुम्ही पैसे भरलेत त्या क्षणी लिंकचं काम संपलं आणि वर्गणीची वेगळी नोंद सुरू झाली. पुढचे सगळे हप्ते ती नोंद काढते, लिंक उघडी असो की बंद.

एकट्याने गट चालवणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते, आणि ती याच एका ठिकाणी होते असंही नाही. डॅशबोर्डमध्ये ती योजना 'संग्रहित' केली तरी जुन्या सभासदांचे हप्ते चालूच राहतात. एखादा हप्ता परत केला तरी पुढचा ठरल्या दिवशी निघतोच, कारण पैसे परत करणं हा एक व्यवहार आणि वर्गणी थांबवणं हा दुसरा. सभासदाला गटातून काढलं, तरी गप्पांच्या ॲपला पैशांचा पत्ता नसतो. काही गटांत मध्ये एक बॉट बसवलेला असतो, पण त्याचं लक्ष बहुधा एकाच बाजूला असतं: हप्ता चुकला की तो माणसाला बाहेर काढतो, माणूस आपणहून बाहेर पडला तर हप्ता थांबवत नाही. तुमचं नेमकं हेच झालं आहे.

तेव्हा थांबवायच्या आहेत त्या या दोन नोंदी. त्या ताईंच्या खात्यात आहेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधी तुमच्याकडे नेमके तपशील हवेत, नाहीतर ताई ईमेलने शोधतील, समोर आलेली पहिली वर्गणी रद्द करतील आणि 'झालं' म्हणून कळवतील. पुढच्या महिन्यात दुसरी पुन्हा उभी.

पावत्या काढा

ईमेलमध्ये stripe.com असं शोधा. स्पॅम आणि जाहिरातींचा कप्पाही बघा. पावतीचा ईमेल ताईंच्या किंवा गटाच्या नावाने येतो, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या शेवटी बहुधा @stripe.com असतं. काहीच सापडलं नाही तर दोन शक्यता आहेत. एक, ताईंनी पावत्या पाठवायची सोय चालूच केलेली नसेल. दुसरी, तुम्ही भरताना वेगळा ईमेल दिला असेल. मोबाइलच्या वॉलेटमधून पैसे भरताना तिथे साठवलेला जुना पत्ता आपोआप भरला जातो आणि तो आपल्या लक्षातही येत नाही. जुने इनबॉक्सही एकदा उघडून बघा.

पावती सापडली की त्यातून बिलाची पीडीएफ उतरवा. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, योजनेच्या नावाखाली कालावधी छापलेला आहे का. 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशा दोन तारखा असतील तर ती दर महिन्याला फिरणारी वर्गणी. कालावधी नसेल तर तो एकदाचाच व्यवहार होता, त्यात रद्द करण्यासारखं काही नाही. (काही गटचालक दर महिन्याला नवी लिंक पाठवतात आणि सभासद दर वेळी हाताने भरतात. तिथे गट सोडणं म्हणजे पुढची लिंक न उघडणं, एवढंच. तुमचे पैसे आपोआप जातात, म्हणून तुमचा प्रकार हा नव्हे.)

दुसरी, बिलाचा क्रमांक. बऱ्याच खात्यांत तो आधी अक्षरा-अंकांचा एक गट, मग आडवी रेघ आणि शेवटी चार आकडे असा असतो. पुढचा गट त्या ग्राहकाचा, शेवटचे चार आकडे म्हणजे त्या ग्राहकाचं कितवं बिल. तुमच्या 9 तारखेच्या ताज्या बिलाच्या शेवटी 0015 असेल तर हिशोब जुळतो: चौदा महिने झाले आणि पहिलं बिल सामील झाल्या दिवशीच निघालं, म्हणून पंधरा. 23 च्या बिलाच्या शेवटी समजा 0006 आहे आणि पुढचा अक्षरांचा गट वेगळा आहे. मग शंकाच नको, तुम्ही तिथे दोन वेगळे ग्राहक म्हणून नोंदलेल्या आहात आणि शेऱ्यांची वर्गणी पाच महिन्यांपूर्वी सुरू झाली. पुढचा गट दोन्हीकडे सारखाच असला तर ग्राहक एक पण वर्गण्या दोन, असं असू शकतं. त्यानेही करायच्या कामात फरक पडत नाही, ताईंना शोधायला फक्त सोपं जातं.

तिसरी, कार्डाचे शेवटचे चार आकडे. दोन्ही वर्गण्या एकाच कार्डावर आहेत असं धरून चालू नका.

हे सगळं एका कागदावर दोन ओळींत उतरवा. एक ओळ 9 ची, एक 23 ची: ईमेल, बिलाचा क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार आकडे, पुढची तारीख.

बटण असतं, पण झाकलेलं

स्ट्राइपकडे सभासदासाठी स्वतःचं पान असतं. तिथे बिलं दिसतात, कार्ड बदलता येतं आणि वर्गणी रद्दही करता येते. पण ते पान गटचालकाने आपल्या सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावं लागतं. नुसती लिंक बनवून सुरुवात केलेल्यांना बहुतेकदा त्याची खबरच नसते. तुम्हाला बटण सापडलं नाही त्याचं कारण हेच असावं.

तरी एकदा बघून घ्या. पावतीच्या ईमेलमध्ये तळाशी वर्गणी सांभाळण्यासाठी म्हणून काही दुवा आहे का? त्या पानाचा पत्ता असा सुरू होतो:

```
https://billing.stripe.com/p/login/
```

पुढे अक्षरांची लांबलचक माळ असते. ती प्रत्येक गटचालकाची वेगळी, त्यामुळे अंदाजाने टाकून चालणार नाही. हा पत्ता ताईंकडूनच मिळतो. उघडल्यावर ईमेल विचारतात आणि त्या ईमेलवर आत जाण्याचा दुवा येतो. ईमेल भरतानाचाच हवा. दुसरा टाकलात तर दुव्याची वाट बघत बसाल.

तुमच्या बाबतीत या पानाची एक मोठी अडचण आहे. एकाच ईमेलचे दोन ग्राहक असतील तर ते पान त्यातल्या एकाचीच माहिती दाखवतं: ज्याची वर्गणी चालू आहे आणि जो सर्वांत अलीकडे तयार झाला आहे त्याची. म्हणजे तुम्हाला 23 ची शेऱ्यांची वर्गणी दिसेल आणि 9 ची जुनी दिसणारच नाही. दिसली ती रद्द करून तुम्ही निर्धास्त व्हाल. शिवाय मुदत संपेपर्यंत रद्द केलेली वर्गणीही 'चालू'च मानली जाते, त्यामुळे 23 उलटेपर्यंत पुन्हा आत गेलात तरी तीच दिसत राहील. मधल्या काळात 9 तारीख येऊन गेलेली असेल. म्हणून पान मिळालं तर 23 ची वर्गणी तिथून जरूर बंद करा, पण 9 ची ताईंच्याच हातून बंद होईल असं धरा.

ताईंना लिहा, आणि लिहूनच कळवा

फोनवर सांगितलंत ते माणुसकीला धरून झालं, पण त्याचा माग राहत नाही. दोघींनाही. ताईंना फोन ठेवल्यावर पाच कामं असतात आणि 'त्यांचं तेवढं बघायचं आहे' हे डोक्यातून निघून जातं. तुम्ही गटही सोडलेला आहे, त्यामुळे तिथे खासगीत निरोप पाठवता येत असेलच असं नाही. ज्या पत्त्यावरून पावती आली त्याला उत्तर पाठवून ते ताईंपर्यंत जाईल असंही धरू नका. पावतीत संपर्कासाठी त्यांचा पत्ता दिलेला असतो तो घ्या, आणि ईमेल पाठवल्यावर फोनवर एक ओळीचा निरोप टाका की ईमेल बघा.

भांडण नको असेल तर ईमेलमध्ये गोष्टी नेमक्या असू द्या. गोडवा वाढवून मुद्दा पुसट झाला की तीच ओढाताण लांबते. साधारण असा मजकूर पुरे:

> नमस्कार ताई,
> मागच्या महिन्यात आपलं फोनवर बोलणं झालं, पण या महिन्यात 9 आणि 23 अशा दोन्ही तारखांना पैसे गेले. मी पावत्या बघितल्या. तुमच्या खात्यात माझ्या दोन वर्गण्या चालू आहेत असं दिसतं: एक गटाची (9 तारीख), एक शेऱ्यांची (23 तारीख). लिंक बंद केल्याने आधीच्या वर्गण्या थांबत नाहीत, त्या वेगळ्या रद्द कराव्या लागतात.
> या दोन्ही वर्गण्या मी आजच्या तारखेपासून रद्द करत आहे. यापुढे माझ्या कार्डावरून पैसे घेऊ नयेत.
> दोन्ही बिलं सोबत जोडली आहेत. डॅशबोर्डमध्ये Customers मध्ये जाऊन माझा ईमेल शोधलात की माझं नाव बहुधा दोनदा दिसेल. प्रत्येक नावात जाऊन वर्गणीसमोरच्या तीन ठिपक्यांतून Cancel subscription निवडायचं.
> दोन्ही रद्द झाल्या की त्या पानांचे स्क्रीनशॉट पाठवाल का? म्हणजे माझीही नोंद राहील.
> तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं. मनापासून आभार.

'रद्द करत आहे' आणि 'यापुढे पैसे घेऊ नयेत' ही दोन वाक्यं काही केल्या गाळू नका. उद्या बँकेपर्यंत जायची वेळ आलीच तर बँक हेच विचारते, की परवानगी मागे घेतल्याचं कधी आणि कसं कळवलंत. 'रद्द करता येईल का?' असा प्रश्न विचारलात तर ती विनंती झाली, कळवणं झालं नाही. पाठवलेला ईमेल पीडीएफ करून पावत्यांशेजारी ठेवा.

ताईंनी Cancel subscription दाबल्यावर त्यांना विचारलं जाईल की लगेच रद्द करायची, चालू मुदत संपल्यावर, की एखाद्या ठरावीक तारखेला. तुम्ही गट सोडलाच आहे, तर लगेच रद्द केली की बरं. मुदतीच्या शेवटी ठेवली तरी पुढचा हप्ता निघत नाही, म्हणून त्यावरून घासाघीस नको. त्याच खिडकीत पैसे परत करायचे का असाही प्रश्न असतो: काहीच नाही, शेवटचा हप्ता, की उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात. ताईंना हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून परताव्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते त्याच ईमेलमध्ये एका ओळीत लिहा.

काय म्हणावं? फोन झाल्यानंतर गेलेले दोन हप्ते परत मागणं रास्त आहे. आधीच्या महिन्यांचे मागू नका, तेव्हा तुम्ही गटात होतात. एवढं मात्र ध्यानात असू द्या की परतावा दिला तरी मूळ व्यवहारावर कापलेलं शुल्क स्ट्राइप ताईंना परत करत नाही. ते त्यांच्या खिशातून जातं. चूक त्यांची आहे, त्यामुळे मागण्यात गैर काही नाही, पण 'एकच परत केला तरी चालेल' असं म्हणावंसं वाटलं तर तेही चालण्यासारखं आहे. परतावा दिल्यावर पैसे कार्डावर दिसायला साधारण 5 ते 10 कामकाजाचे दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी तगादा लावू नका.

स्क्रीनशॉट आला की नीट बघा. वर्गणी लगेच रद्द केली असेल तर तिच्यावर Canceled असं दिसतं. मुदतीनंतर होणार असेल तर Cancels आणि पुढे तारीख. Active एवढंच असेल तर काही झालेलं नाही. हप्त्यांची वसुली नुसती थांबवून ठेवायची म्हणून एक वेगळी सोय आहे आणि ती मेनूत रद्द करण्याच्या जवळच असते. Paused असं काही दिसलं तर ते रद्द करणं नव्हे, ती वर्गणी कधीही पुन्हा चालू होऊ शकते. तसं ताईंना कळवा. आणि स्क्रीनशॉट दोन हवेत. एकच आला तर कुठल्या तारखेचा आहे ते तुमच्या कागदावरच्या दोन ओळींशी ताडून बघा.

तारखेच्या तोंडावर ईमेल टाकू नका. स्ट्राइपमध्ये बिल आधी कच्चं निघतं आणि साधारण तासाभराने पक्कं होऊन कार्डावर जातं. त्यात भर म्हणजे ताईंच्या खात्यातली तारीख आणि तुमच्या बँकेच्या पासबुकातली तारीख यांत कालक्षेत्रामुळे आणि बँकेच्या नोंदीमुळे एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो. पासबुकात 9 दिसते ती तिकडे 7 किंवा 8 असू शकते. म्हणून खरी तारीख बिलाच्या पीडीएफवरची. आज लिहिलंत तर पुढच्या 9 पर्यंत पुरेसा वेळ आहे, फक्त तो वाट बघण्यात घालवू नका. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर एक आठवण, त्यानंतर तीन दिवसांनी बँक.

कार्ड बदलून काय होतं

बऱ्याचदा काहीच होत नाही, म्हणूनच थांबा म्हटलं. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही बदललेल्या कार्डाचे नवे तपशील जुन्या वर्गण्यांपर्यंत पोहोचवण्याची सोय आहे. कार्ड हरवलं म्हणून कोणाची वर्गणी तुटू नये हा तिचा हेतू. तुमची बँक त्यात सामील असेल तर नवं कार्ड हातात पडायच्या आधीच ताईंच्या खात्यात ते नोंदलेलं असू शकतं. मोबाइलच्या वॉलेटमधून कार्ड काढून टाकल्यानेही चालू वर्गणी तुटत नाही.

कार्ड तात्पुरतं गोठवलं तर हप्ता नाकारला जातो, हे खरं. पण मग फेऱ्या सुरू होतात. स्ट्राइपची शिफारस दोन आठवड्यांत आठ वेळा पुन्हा प्रयत्न करण्याची आहे, गटचालक ती कमीजास्त करू शकतो. त्यातच एखाद्या दिवशी दुसऱ्या कामासाठी कार्ड मोकळं केलंत की हप्ता गेलाच समजा. सगळे प्रयत्न फसल्यावर वर्गणी रद्द व्हावी, की थकबाकी म्हणून पडून राहावी, हेही ताईंच्या सेटिंगवर ठरतं. पडून राहिली तर तुमच्या नावावर थकलेल्या बिलांची रांग लागते आणि ताईंना दर वेळी 'पैसे आले नाहीत' असा ईमेल जातो. ज्या बाईंशी भांडायचं नाही त्यांच्याशी संबंध बिघडवायची ही सर्वांत लांबची वाट आहे.

ताईंनी उत्तर दिलंच नाही तर

स्ट्राइपला लिहून वर्गणी रद्द होईल अशी आशा ठेवू नका. ते गटचालकाच्या वतीने वर्गणी रद्द करत नाहीत, परत त्याच्याकडेच पाठवतात. पुढची वाट बँकेची.

बँकेला नेमकं सांगायचं: 'या व्यापाऱ्याला कार्डावरून दर महिन्याला पैसे घ्यायची दिलेली परवानगी मी अमुक तारखेला लेखी मागे घेतली आहे, पुढचे हप्ते थांबवा.' 'कार्ड ब्लॉक करा' असं म्हटलंत तर ते कार्डच बंद करतील आणि वर म्हटलेल्या चक्रात तुम्ही अडकाल. थांबवायचं आहे ते त्या एका व्यापाऱ्याला. काही बँकांच्या ॲपमध्ये कार्डावरच्या वर्गण्यांची यादी असते, तिथूनही हे करता येतं. व्यापाऱ्याचं नाव पासबुकात जसं छापलंय तसंच द्या. गटाचं नाव आणि पासबुकातलं नाव पुष्कळदा जुळत नाही, कारण एकटी माणसं खातं स्वतःच्या नावाने उघडतात. हप्ते दोन असल्याने दोन्ही रकमा आणि दोन्ही तारखा सांगा. रकमेवरून थांबवणाऱ्या बँकेत एकच सांगितली तर दुसरी निसटते.

तुमच्या लेखी ईमेलनंतरही हप्ता गेला तर तो बँकेकडे वादात घालता येतो. व्हिसाच्या नियमांत यासाठी स्वतंत्र कारण आहे, क्रमांक 13.2, रद्द केलेल्या आवर्ती व्यवहाराचं. त्यासाठी साधारण 120 दिवस मिळतात, पण बँका आपल्या पातळीवर त्याहून आधी अर्ज मागू शकतात, म्हणून मुदत मोजत बसू नका. लागणारा पुरावा म्हणजे तुमचा ईमेल आणि त्यानंतरच्या तारखेचा व्यवहार. आता लक्षात येईल की या महिन्यात आधीच गेलेले दोन हप्ते या वाटेने मिळवणं का अवघड आहे: त्यांच्या आधी तुमच्याकडे फक्त एक फोन आहे. ते ताईंकडूनच मागा.

वाद घातल्याचे दोन परिणाम मात्र आधीच माहीत असू द्या. ताईंना रकमेशिवाय प्रत्येक वादामागे वेगळा दंड बसतो, आणि एकटीच्या खात्यावर असे वाद साचले तर खातंच धोक्यात येतं. म्हणून ती पहिली नव्हे, शेवटची पायरी. दुसरं म्हणजे वाद जिंकला तरी वर्गणी आपोआप रद्द होईलच असं नाही. तो त्या एका हप्त्याचा निकाल असतो. पुढच्या 9 ला पुन्हा पैसे मागितले जाऊ शकतात, म्हणून बँकेला हप्ता परत मागताना 'पुढचे थांबवा' हेही त्याच अर्जात लिहा.

तुमच्यासारखीच अडचण असलेल्या, पण पेपॅलवरून भरणाऱ्या वाचकांना यातलं बरंचसं करावं लागत नाही. तिथे परवानगी त्यांच्याच खात्यात असते. पेपॅलच्या वेबसाइटवर सेटिंग्जमध्ये Payments आणि मग Automatic payments उघडायचं, गटचालकाचं नाव निवडायचं आणि रद्द करायचं. पुढच्या हप्त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते करता येतं, गटचालकाला विचारावं लागत नाही. दोन वर्गण्या असतील तर तिथेही नाव दोनदा असू शकतं, एवढं बघा.

दोन्ही स्क्रीनशॉट हातात आले तरी कागद फाडू नका. पुढच्या महिन्यात 12 च्या सुमारास एकदा आणि 26 च्या सुमारास एकदा पासबुक बघा. दोन्ही तारखा कोऱ्या गेल्या की प्रकरण संपलं. आणि कधी पुन्हा त्या गटात जावंसं वाटलं, तर ईमेलमध्ये पडलेली जुनी लिंक दाबू नका. ती उघडी असलीच तर तुमच्या नावाचा तिसरा ग्राहक तयार होईल. ताईंना आधी विचारा, आणि या वेळी पैसे भरतानाच ते billing.stripe.com चं पान मागून घ्या.